दीड लाखाचा डबा आणि उरलेले १,०३,४०० रुपये

"ताई, मी वर्षभरात ३,७४,४०० रुपये भरले. पावत्या सगळ्या इथे आहेत. तुमच्या कागदावर मात्र वजावट २,७१,००० चीच. मधले १,०३,४०० गेले कुठे?"

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या स्टोअरचे मॅनेजर फाइल घेऊन माझ्या टेबलाशी उभे होते. कारखाना पीथमपूरला, मी रोज इंदूरहून बसने येते आणि गेली पंधरा वर्षं इथे पगाराचं काम पाहते. या दिवसांत हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतं. "लिमिट संपली" एवढं म्हणून मोकळं होता येतं, पण त्याने समोरच्याला काहीच कळत नाही. मर्यादा एक नसते. त्या एकात एक बसवलेल्या असतात, आणि कुठली रक्कम कुठल्या मर्यादेपाशी अडली हे सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. म्हणून त्या दिवशी मी मॅनेजरसाहेबांना खुर्ची दिली आणि प्रत्येक कागद त्यांच्यासमोरच मोजला. तोच हिशेब इथे मांडते. सगळे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत आणि कलमांचे क्रमांक आयकर कायदा, १९६१ मधले. पीएफ, आयुर्विमा, शाळेची फी अशा रकमांची वजावट देणारं कलम म्हणजे ८०सी. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात त्याचा मजकूर कलम १२३ मध्ये गेला आहे, दीड लाखाची मर्यादा तीच आहे.

मोजायला बसण्याआधी एक खात्री करून घ्यायची. हा माणूस जुन्या कर पद्धतीत आहे ना? २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर तसं कळवावं लागतं. नव्या पद्धतीत ८०सी, ८०डी यांपैकी काहीच मिळत नाही, त्यामुळे तिथे पुढची सगळी मोजणी व्यर्थ. आमचे मॅनेजरसाहेब मूळचे ग्वाल्हेरचे, लष्कर भागात वाढलेले. तिथे त्यांनी कर्ज काढून फ्लॅट घेतला आहे आणि त्यात आई राहते. स्वतः इंदूरला भाड्याने राहतात. घरभाड्याची सूट आणि गृहकर्जाचं व्याज या दोन मोठ्या गोष्टी हातात असल्यामुळे त्यांना जुनी पद्धत अजून फायद्याची पडते. भाडं आणि व्याज यांचे नियम वेगळे आहेत, ते या हिशेबात मी घेतलेले नाहीत.

आता त्यांची यादी. पगारातून कापला गेलेला त्यांचा स्वतःचा पीएफ ८६,४००. गृहकर्जाच्या मुद्दलाची फेड ३८,०००. मुलीच्या शाळेची फी ६४,०००. आयुर्विम्याच्या दोन पॉलिसी, एकीचा हप्ता १८,००० आणि दुसरीचा ३२,०००. राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, स्वतः भरलेले ६०,०००. स्वतःचा, पत्नीचा आणि मुलीचा मिळून आरोग्य विमा २९,०००, आईचा आरोग्य विमा ४१,०००, आणि आईच्या वार्षिक तपासणीचे रोख दिलेले ६,०००. बेरीज बरोबर ३,७४,४००.

मी समजावताना नेहमी वाटी आणि डबा असं म्हणते. प्रत्येक रक्कम आधी तिच्या स्वतःच्या वाटीने मोजायची. वाटीत जेवढी मावली तेवढीच डब्यात ओतायची. आणि डबा भरला की पुढची वाटी कितीही खरी असली तरी ती बाहेरच राहते. यात दोन वेगवेगळ्या ठिकाणी रक्कम सांडते, आणि लोकांचा गोंधळ होतो तो या दोन सांडण्यांना एकच समजल्यामुळे.

वाटीपासून सुरुवात करू. शाळेची पावती सगळ्यांत बोलकी असते. मॅनेजरसाहेबांकडे दोन कागद होते, दोन सहामाहींचे, प्रत्येकी ३२,००० चे. त्यांनी सरळ ६४,००० लिहून दिले होते. मी कागद उलगडून ओळी वाचल्या. शिक्षण शुल्क २०,५००, बाकीचे ११,५०० बस, विकास निधी, उपक्रम शुल्क आणि वार्षिक समारंभ यांचे. ८०सी मध्ये फक्त शिक्षण शुल्क चालतं, तेही भारतातल्या पूर्णवेळ शिक्षणाचं आणि दोनच मुलांपुरतं. विकास निधी आणि देणगी कायद्यानेच वगळली आहे. म्हणजे दोन्ही कागद मिळून ४१,००० वाटीत बसले आणि २३,००० बाहेर राहिले. हे २३,००० डबा रिकामा असता तरी चालले नसते. कारण ते जास्तीचे नाहीतच, ते मुळात या कलमातले नाहीत.

विम्याचं माप वेगळं. इथे हप्ता एकटा पाहून चालत नाही, विमा रक्कमही पाहावी लागते. १ एप्रिल २०१२ पासून निघालेल्या पॉलिसीत विमा रकमेच्या १० टक्क्यांपर्यंतचाच हप्ता धरतात, त्याआधीच्या पॉलिसीत २० टक्क्यांपर्यंतचा. विमा रक्कम म्हणजे मूळ रक्कम, तीत बोनस मिळवायचा नाही. त्यांची पहिली पॉलिसी २०१० ची, विमा रक्कम एक लाख, म्हणजे २०,००० पर्यंत हप्ता चालतो. त्यांचा हप्ता १८,०००, पूर्ण मान्य. दुसरी २०१७ ची, विमा रक्कम अडीच लाख, म्हणजे माप २५,००० चं. हप्ता ३२,०००, म्हणून ७,००० वाटीबाहेर. हे तपासायला हप्त्याची पावती पुरत नाही, पॉलिसीचं पहिलं पान लागतं. मी दरवर्षी ते मागते आणि दरवर्षी लोक कुरकुरतात. पण पॉलिसी निघाल्याची तारीख आणि विमा रक्कम या दोन गोष्टी हातात नसतील तर तपासणी केली असं म्हणताच येत नाही.

पीएफला आणि मुद्दलाच्या फेडीला अशी स्वतःची वाटी नाही, ते जेवढे असतील तेवढे पुढे जातात. पीएफमध्ये एक चूक मात्र हमखास दिसते. पगाराच्या चिठ्ठीवर कंपनीचा वाटाही छापलेला असतो आणि लोक दोन्हींची बेरीज लिहून देतात. मॅनेजरसाहेबांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना ६०,०००, त्यावर १२ टक्के म्हणजे वर्षाचे ८६,४००. कुणी १,७२,८०० लिहिले असतील तर समजायचं की कंपनीचा वाटा आत आला आहे. तो ८०सी मध्ये धरत नाहीत.

वाटीने मोजून झाल्यावर डब्यात जायला तयार झालेल्या रकमा अशा. पीएफ ८६,४००, मुद्दल ३८,०००, शिक्षण शुल्क ४१,०००, जुनी पॉलिसी १८,०००, नवी पॉलिसी २५,०००. बेरीज २,०८,४००. डबा मात्र दीड लाखाचा. २०१४-१५ पासून तो तेवढाच आहे, त्याआधी एक लाखाचा होता. हा डबा एकट्या ८०सी चा नाही हेही लक्षात ठेवायला हवं. ८०सी, पेन्शन योजनांचं ८०सीसीसी आणि एनपीएसचं ८०सीसीडी(१) या तिघांना मिळून तो एकच आहे. कायद्यात त्याचं कलम आहे ८०सीसीई. तीन कलमं दिसली म्हणून तीनदा दीड लाख धरणारे मी पाहिले आहेत.

आता प्रश्न असा की डब्यात आधी काय ओतायचं? करासाठी काहीच फरक पडत नाही, कुठल्याही क्रमाने ओतलं तरी मान्य रक्कम दीड लाखच. पण प्रत्येक ओळीपुढे मान्य किती आणि जास्तीची किती हे लिहून द्यायचं असेल तर क्रम ठरवावाच लागतो, कारण कुणाच्या तरी नावावर शून्य येणार असतं. माझा क्रम ठरलेला आहे. जे माणसाला टाळताच येत नाही ते आधी. पीएफ पगारातून कापलाच जातो. कर्जाचा हप्ता भरावाच लागतो. मुलीची फी द्यावीच लागते. विमा आणि ऐच्छिक गुंतवणूक शेवटी. असं मांडलं की जास्तीच्या रकान्यात जे उरतं ते वाचून माणसाला कळतं की आपण कर वाचवायला म्हणून केलेली कुठली गोष्ट प्रत्यक्षात कर वाचवत नाहीये. सगळ्या ओळींवर सारख्या प्रमाणात कात्री लावणारी सॉफ्टवेअरंही असतात. बेरीज तीही बरोबर देतात, पण त्या कागदावरून काहीच ठरवता येत नाही.

एक्सेलमध्ये हे करायला तीनच सूत्रं लागतात. बी रकान्यात जाहीर रक्कम, सी मध्ये त्या ओळीची स्वतःची मर्यादा, डी मध्ये वाटीतून पार झालेली रक्कम, ई मध्ये डब्यात मावलेली, एफ मध्ये जास्तीची. पहिली ओळ शीर्षकांची, आकडे दुसऱ्या ओळीपासून.

```
D2:  =MIN(B2,C2)
E2:  =MIN(D2,150000-SUM(E$1:E1))
F2:  =B2-E2
```

हीच सूत्रं खाली ओढायची. ई मधलं सूत्र प्रत्येक ओळीला विचारतं की माझ्या वरच्या सगळ्यांनी मिळून डबा किती भरला, आणि उरलेल्या जागेपेक्षा जास्त काही देत नाही. डब्यात जागा उरली नाही की पुढच्या ओळीला शून्य येतं. इथे एक बारीक गोष्ट आहे. पीएफला स्वतःची मर्यादा नाही, मग सी रकान्यात काय लिहायचं? काहीच नाही, घर रिकामं ठेवायचं. MIN रिकामं घर सोडून देतं. पण "मर्यादा नाही" या अर्थाने कुणी तिथे 0 लिहिला, तर MIN शून्यच उचलतं आणि सगळा पीएफ जास्तीच्या रकान्यात जाऊन बसतो. एखाद्याची वजावट अचानक फारच कमी दिसली की मी आधी सी रकान्यात शून्य शोधते.

आता एनपीएस. या फाइलमधली सगळ्यांत महागात पडू शकणारी ओळ हीच होती. एनपीएसमध्ये स्वतः भरलेल्या पैशाला दोन दारं आहेत. एक ८०सीसीडी(१), म्हणजे आपला तो दीड लाखाचा डबा. तिथे नोकरदाराला पगाराच्या, म्हणजे मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या, १० टक्क्यांपर्यंत धरता येतं. दुसरं ८०सीसीडी(१बी), ५०,००० चा स्वतंत्र छोटा डबा, २०१५-१६ पासून आलेला. एकच रुपया दोन्हीकडे धरता येत नाही, पण कुठला रुपया कुठे न्यायचा हे करदात्याने ठरवायचं.

मॅनेजरसाहेबांच्या पगाराचे १० टक्के ७२,००० होतात. त्यांनी भरले ६०,०००. क्रमांकाप्रमाणे चालणारा माणूस म्हणेल, आधी (१), मग (१बी). साठच्या साठ हजार मोठ्या डब्याकडे पाठवले, वाटीत ते पूर्ण बसतात, पण डबा आधीच भरलेला. सगळे जास्तीच्या रकान्यात. आणि (१बी) चा छोटा डबा रिकामाच राहिला, कारण त्याच्यापर्यंत काही पोचलंच नाही. उलट क्रमाने केलं तर ५०,००० छोट्या डब्यात मान्य होतात आणि फक्त १०,००० मोठ्या डब्याकडे जातात. भाडं, व्याज, सगळं वजा जाऊन त्यांचं करपात्र उत्पन्न आठ लाखांच्या आसपास येतं, म्हणजे २० टक्क्यांच्या टप्प्यात. ५०,००० ची वजावट हुकली तर १०,००० कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण १०,४०० रुपये. कागद तेच, पावती तीच, फक्त ओतण्याचा क्रम चुकला म्हणून.

म्हणून माझा नियम असा. एनपीएसचे पहिले ५०,००० थेट (१बी) मध्ये, उरलेले मोठ्या डब्यात शेवटच्या ओळीवर. डब्यात जागा असेल तर तेही बसतात. नियम चुकला आहे का हे ओळखायची खूण सोपी आहे. ज्याच्या एनपीएसच्या ओळीत जास्तीची रक्कम दिसते आणि (१बी) मध्ये ५०,००० पूर्ण दिसत नाहीत, त्याचा हिशेब पुन्हा उघडायचा. कंपनीने कर्मचाऱ्याच्या एनपीएसमध्ये भरलेला वाटा या सगळ्यात नाही, तो ८०सीसीडी(२) मध्ये वेगळा जातो आणि नव्या कर पद्धतीतही मिळतो.

आरोग्य विम्याच्या ८०डी मध्ये पुन्हा दोन खण आहेत आणि मध्ये पक्की भिंत आहे. स्वतः, पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुलं यांचा एक खण २५,००० चा, त्यात कुणी ज्येष्ठ नागरिक असेल तर ५०,००० चा. आईवडिलांचा दुसरा खण, तोही २५,००० चा, ज्येष्ठ असतील तर ५०,००० चा. मॅनेजरसाहेब ४९ वर्षांचे, त्यांचा खण २५,००० चा. हप्ता २९,०००, म्हणून ४,००० बाहेर. आई ७४ वर्षांच्या, त्यांचा खण ५०,००० चा, हप्ता ४१,०००.

"मग माझे चार हजार आईच्या खणात टाका ना, तिथे नऊ हजारांची जागा आहे," ते लगेच म्हणाले. तसं करता येत नाही. एका खणात जागा उरली म्हणून दुसऱ्याचं सांडलेलं तिथे भरता येत नाही. दोन्ही खण एकत्र करून ७५,००० अशी एकच मर्यादा लावली, तर ही चूक आपोआप होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. कारण ७०,००० चा हप्ता ७५,००० च्या आत दिसतो आणि सगळं कसं छान मान्य होतं.

त्या जागेत बसणारी एक गोष्ट मात्र त्यांच्याकडे होती, आईच्या तपासणीचे ६,०००. प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीचे ५,००० पर्यंत धरता येतात, पण ते खणाच्या आतच, वेगळे नाहीत. आणि हे ५,००० दोन्ही खणांना मिळून एकदाच आहेत. तपासणीचे पैसे रोख दिलेले चालतात. विम्याचा हप्ता रोख दिलेला चालत नाही, तो बँकेतून किंवा ऑनलाइनच जायला हवा. म्हणून आईच्या खणात ४१,००० अधिक ५,०००, असे ४६,००० मान्य आणि १,००० बाहेर. आई आपल्यावर अवलंबून आहे का, असं इथे कुणी विचारत नाही. त्या पेन्शन घेत असल्या तरी मुलाने भरलेला त्यांचा हप्ता चालतो. याउलट आईच्या नावाच्या आयुर्विम्याचा हप्ता ८०सी मध्ये मुलाला कधीच मिळत नाही. इतक्या जवळच्या दोन गोष्टींचे नियम इतके वेगळे असल्यामुळे लोक फसतात, त्यात त्यांची चूक नाही.

सगळं मोजून झाल्यावर मॅनेजरसाहेबांच्या हातात दिलेला कागद असा होता.

| बाब | जाहीर | मान्य | जास्तीची | कारण |
|---|---|---|---|---|
| पीएफ | ८६,४०० | ८६,४०० | ० | |
| कर्जाची मुद्दल | ३८,००० | ३८,००० | ० | |
| शाळेची फी | ६४,००० | २५,६०० | ३८,४०० | २३,००० अपात्र, १५,४०० डबा भरल्यामुळे |
| जुनी पॉलिसी | १८,००० | ० | १८,००० | डबा भरला |
| नवी पॉलिसी | ३२,००० | ० | ३२,००० | ७,००० अपात्र, २५,००० डबा भरल्यामुळे |
| एनपीएस (१बी) | ५०,००० | ५०,००० | ० | |
| एनपीएसचे उरलेले | १०,००० | ० | १०,००० | डबा भरला |
| कुटुंबाचा आरोग्य विमा | २९,००० | २५,००० | ४,००० | खणाची मर्यादा |
| आईचा विमा आणि तपासणी | ४७,००० | ४६,००० | १,००० | तपासणीची मर्यादा |

मान्य २,७१,०००, जास्तीचे १,०३,४००, बेरीज ३,७४,४००. प्रत्येक ओळीत मान्य आणि जास्तीची मिळून जाहीर रक्कम परत आली पाहिजे, एक रुपयाही कमी किंवा जादा नको. ती येत नसेल तर कुठेतरी रक्कम दोनदा मोजली गेली आहे किंवा मधेच गळली आहे.

शेवटचा रकाना मी मुद्दाम ठेवते, कारण "अपात्र" आणि "डबा भरल्यामुळे" या दोन शब्दांत फार अंतर आहे. अपात्र रक्कम कधीच परत येत नाही. डब्याबाहेर राहिलेली रक्कम मात्र राखीव असते. दोन्हींपैकी काहीच पुढच्या वर्षात ओढता येत नाही हे खरं, पण त्याच वर्षात राखीव रक्कम केव्हा उपयोगी पडेल सांगता येत नाही.

हे मी अनुभवातून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत मी जाहीरनामा भरून घेतानाच दीड लाखाला कात्री लावायचे. बेरीज दीड लाखाच्या पुढे गेली की पुढच्या ओळी लिहूनच घेत नव्हते, वाटायचं कशाला हव्यात. एका वर्षी एकाचा कर्जाचा दाखला बँकेकडून वेळेवर आला नाही आणि मला ती ओळ काढावी लागली. त्याच्याकडे विम्याच्या पावत्या होत्या, पण माझ्याकडे त्यांची नोंदच नव्हती. फेब्रुवारी आणि मार्चच्या पगारातून त्याचा कर जास्तीचा कापला गेला आणि विवरणपत्र भरून परतावा मिळेपर्यंत त्याचे पैसे अडकून राहिले. तेव्हापासून मी जाहीर रकमेला हात लावत नाही. जेवढं आणाल तेवढं सगळं लिहून घेते, कात्री फक्त मान्यच्या रकान्यात. फॉर्म १६ च्या भाग ब मध्येही एकूण रक्कम आणि वजावटीस पात्र रक्कम असे दोन वेगळे रकाने असतात, ते याच कारणाने उपयोगी पडतात.

मॅनेजरसाहेबांच्या बाबतीतही नेमकं हेच झालं. कागद हातात देऊन आठवडा झाला असेल. कर्मचाऱ्याने वजावटीसाठी कंपनीला द्यायच्या फॉर्म १२बीबी ला जोडायला पुरावे लावताना मी शाळेचे दोन्ही कागद पुन्हा पाहिले. दुसऱ्या सहामाहीचा कागद ही फी भरल्याची पावती नव्हतीच, फी भरण्याची सूचना होती. खाली भरण्याची शेवटची तारीख छापलेली, शिक्का कुठेच नाही. ८०सी मध्ये वर्षात प्रत्यक्ष भरलेली रक्कमच चालते, देणं असलेली नाही. पहिली नजर टाकताना ते माझ्याकडून सुटलं होतं. मी फोन केला तर ते म्हणाले, "हो ताई, ती फी मार्चच्या शेवटी भरणार आहे." आमच्याकडे पुरावे घ्यायची मुदत १५ फेब्रुवारी.

त्यांचा आवाज उतरला. ३२,००० ची पावती गेली म्हणजे वजावट गेली, असंच त्यांना वाटलं. मी शीट उघडली आणि फीच्या ओळीत ६४,००० च्या जागी ३२,००० केले, मर्यादेच्या घरात ४१,००० च्या जागी २०,५००. फीचे २०,५०० पूर्ण मान्य झाले. डब्यात ५,१०० ची जागा मोकळी झाली आणि खालच्या ओळीवर थांबलेली जुनी पॉलिसी वर सरकली. तिच्या १८,००० पैकी ५,१०० मान्य, १२,९०० अजून राखीव. डबा तसाच भरलेला, दीड लाखाचा. एकूण मान्य २,७१,००० च. जास्तीची रक्कम मात्र १,०३,४०० वरून ७१,४०० वर आली. त्यांच्या करात एक रुपयाचा फरक पडला नाही.

"म्हणजे ती पॉलिसी उगाच नव्हती," ते म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "अहो ताई, घरी एक एजंट येतोय. म्हणतो मार्चच्या आत २५,००० ची नवी पॉलिसी घ्या, टॅक्स वाचेल. घेऊ का?"

मी शीटमध्ये आठवी ओळ टाकली. पॉलिसीची विमा रक्कम पुरेशी मोठी आहे असं धरून बी मध्ये २५,००० लिहिले आणि सूत्रं खाली ओढली. डी मध्ये २५,०००, ई मध्ये ०, एफ मध्ये २५,०००. आकडे मी त्यांना फोनवरच वाचून दाखवले.